सूर्याच्या नावाने पाडलेली भोकं

पुण्या-मुंबईतल्या नव्या व्यापारी इमारतींच्या दर्शनी भागावर हल्ली एक जाळी हमखास दिसते. ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यात हजारो गोल भोकं, एका कोपऱ्यात मोठी आणि दुसरीकडे लहान होत गेलेली. लांबून पाहिलं तर भिंतीवरून एखादी लाट गेल्यासारखं वाटतं. वास्तुविशारदाला कारण विचारा, उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : ऊन. जिथे ऊन जास्त तिथे भोक लहान. ऐकायला बरोबर वाटतं. पण सपाट भिंतीच्या बाबतीत ते बहुधा खोटं असतं, आणि सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं, कारण त्याचा स्वतःचा त्या चित्रावर विश्वास बसलेला असतो.

हा विश्वास कुठून येतो ते पाहायचं तर जाळी ज्या अवजारातून निघते तिथे जायला हवं. ‘ऱ्हायनो’ हे त्रिमितीय रेखाटनाचं सॉफ्टवेअर वास्तुविशारदांच्या चांगल्या परिचयाचं आहे. त्याला जोडून चालणारं ‘ग्रासहॉपर’ डेव्हिड रटन यांनी लिहिलं. २००७ मध्ये ते वेगळ्या नावाने आलं आणि २०१८ पासून ऱ्हायनोच्या आतच मिळू लागलं. त्यात रेघा ओढायच्या नसतात. पडद्यावर छोटे डबे मांडायचे आणि ते तारांनी एकमेकांना जोडायचे. एक डबा बिंदूंची चौकट तयार करतो, दुसरा अंतर मोजतो, तिसरा त्या अंतरावरून वर्तुळ काढतो. सुरुवातीला सरकपट्ट्या असतात. पट्टी सरकवली की पुढचं सगळं चित्र क्षणात बदलतं. जी जाळी हाताने काढायला आठवडा लागला असता तिचे पन्नास नमुने दुपारच्या जेवणाआधी तयार होतात.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातलं एक लहान कार्यालय, पश्चिमेची भिंत १२ मीटर रुंद आणि ९ मीटर उंच. काचेपासून ६०० मिलिमीटर पुढे २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची जाळी लावायची आहे. दोन भोकांच्या केंद्रांत ५० मिलिमीटर अंतर धरलं तर आडवी २४० आणि उभी १८० भोकं बसतात, म्हणजे एकूण ४३,२००. प्रत्येकाचा व्यास १० ते ४० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवायचा. आता कुठलं भोक किती मोठं, हे ठरवायचं कशावरून?

नवशिक्याला पहिल्याच धड्यात शिकवलेली युक्ती अशी : भिंतीवर किंवा भिंतीजवळ एक बिंदू ठेवा, प्रत्येक भोकाचं त्या बिंदूपासूनचं अंतर मोजा आणि अंतर वाढेल तसा व्यास वाढवा. या बिंदूला ‘अट्रॅक्टर’ म्हणतात. बिंदू इकडेतिकडे हलवला की भोकांची लाट त्याच्या मागोमाग सरकते. पाहत राहावंसं वाटतं खरं. मग सादरीकरणाची वेळ येते, त्या बिंदूला ‘सूर्य’ असं नाव मिळतं, आणि घोळाला तिथूनच सुरुवात होते.

सूर्य पृथ्वीपासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. आपल्या भिंतीच्या डाव्या आणि उजव्या टोकांत १२ मीटरचं अंतर. इतक्या लांबून येणारे किरण भिंतीपाशी पोचतात तेव्हा व्यवहारात एकमेकांना समांतरच असतात. समोर आडोसा नसेल तर सपाट भिंतीच्या प्रत्येक चौरस फुटावर त्या क्षणी सारख्याच कोनातून, सारखंच ऊन पडतं. डाव्या कोपऱ्यात जास्त आणि उजव्या कोपऱ्यात कमी, असं काही नसतं. ऊन बदलतं ते वेळेनुसार : सकाळी नाही, दुपारनंतर येतं, मे महिन्यात एका कोनातून आणि डिसेंबरात दुसऱ्या. भिंतीच्या पृष्ठभागावर ते जागेनुसार बदलत नाही. म्हणजे ‘उन्हामुळे’ म्हणून दाखवलेली ती लाट बिंदूपासूनच्या अंतराची लाट आहे. ते अंतर उन्हाचं माप नव्हे.

भिंत वळणदार असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक तुकड्याचं तोंड वेगळ्या दिशेला असतं, आणि जागेनुसार जाळी बदलण्याला खरं कारण मिळतं. अबू धाबीतले अल बहर मनोरे याचं ठळक उदाहरण आहे. २०१२ मध्ये पूर्ण झालेल्या या दोन गोलसर मनोऱ्यांवर छत्रीसारखे उघडझाप करणारे त्रिकोणी पडदे आहेत. सूर्य फिरेल तसे ते बंद होतात आणि तो पुढे गेला की उघडतात. उत्तरेच्या बाजूला पडदे लावलेलेच नाहीत, कारण तिथे त्यांचं काम नाही. जागेचा फरक आणि वेळेचा फरक, दोन्ही तिथे हिशेबात घेतले आहेत. आपल्या पुण्याच्या भिंतीवरची जाळी हलणारी नाही आणि भिंत गोलही नाही. मग अल बहरचा फोटो सादरीकरणाच्या पहिल्या पानावर लावून नेमकं काय साधतं?

यावर जाणता वास्तुविशारद म्हणेल, ‘अट्रॅक्टर तर पोरासोरांचा खेळ. आम्ही प्रत्यक्ष ऊन मोजतो.’ मोजता येतंही. ग्रासहॉपरला जोडून चालणारं ‘लेडीबग’ हे साधन हवामानाची फाइल वाचतं. तिच्यात एका नमुना वर्षाच्या सगळ्या ८,७६० तासांचं तापमान, किरणोत्सर्ग, वारा असं सगळं असतं, आणि पुण्याचीही अशी फाइल उपलब्ध आहे. भिंतीचे चौकोन पाडायचे, समोरच्या इमारती मॉडेलमध्ये उभ्या करायच्या, आणि प्रत्येक चौकोनावर वर्षभरात किती ऊन पडतं ते काढायचं. इथवरचं काम चोख असतं. चूक होते ती पुढच्याच डब्यात, आणि माझ्या मते या सगळ्या पद्धतीतली सर्वांत फसवी जागा तीच आहे.

त्या डब्याचं नाव `Remap Numbers`. त्याचं काम साधं : एका पट्ट्यातले आकडे दुसऱ्या पट्ट्यात बसवायचे. उन्हाचे आकडे मिलिमीटरमध्ये नसतात, भोकांना मिलिमीटर लागतात, त्यामुळे मध्ये हा डबा हवाच. आतला हिशेब असा :

```
d = 40 - 30 * (x - xmin) / (xmax - xmin)
```

`x` म्हणजे त्या चौकोनावरचं ऊन, `xmin` आणि `xmax` म्हणजे भिंतीवरचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा, `d` म्हणजे भोकाचा व्यास. समजा समोर एक बसकं घर आहे. त्याच्या सावलीमुळे तळाच्या ओळीत वर्षाला चौरस मीटरमागे ९४० किलोवॉट-तास ऊन पडतं आणि माथ्यावर ९५५. फरक जेमतेम दीड टक्का. एवढा फरक हवामानाच्या फाइलमधल्या अंदाजातही सहज बुडून जाईल. पण सूत्रात घाला : ९४० ला ४० मिलिमीटरचं भोक आणि ९५५ ला १० मिलिमीटरचं. ५० मिलिमीटरच्या चौकटीत ४० चं भोक पत्र्याचा निम्मा भाग उघडा ठेवतं, तर १० चं जेमतेम ३ टक्के. म्हणजे उन्हात दीड टक्क्याचा फरक आणि जाळीच्या उघडेपणात सोळापट. डब्याने काहीच चुकीचं केलेलं नाही. त्याला सांगितलं तेच केलं : सर्वांत कमी आकडा एका टोकाला, सर्वांत जास्त दुसऱ्या टोकाला. खरा फरक किती होता हे विचारायची सोय त्याच्यात नाही, आणि तारेतून पुढे गेलेल्या आकड्याला एकक नसतं.

रंगीत नकाशाही हीच फसगत करतो. रंगांची पट्टी हाताने बांधून दिली नाही तर ती आपोआप आलेल्या आकड्यांच्या किमान-कमालावर ताणली जाते. मग ९४० निळा दिसतो आणि ९५५ लालभडक. बैठकीत बसलेल्या ग्राहकाला भिंतीचा माथा भाजतोय असं वाटतं. हे ओळखायला अवघड नाही : नकाशाच्या बाजूच्या पट्टीवरचे वरचे-खालचे दोन आकडे वाचायचे. ते पाच-दहा टक्क्यांच्या आतले असतील तर त्या रंगांवरून काहीही ठरवण्यात अर्थ नाही. रंगपट्टी शून्यापासून सुरू करा, सगळी भिंत एकाच रंगाची होते. मग जाळीच्या लाटेला आधार काय, असा अडचणीचा प्रश्न उरतो. म्हणून ते कोणी फारसं करत नाही.

आणखी एक खोट वरच्या सूत्रातच लपलेली आहे. ते व्यास सारख्या पायऱ्यांनी बदलतं, पण ऊन आत येतं क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. १० चं भोक १२ केलं तर उघडेपणा ३ वरून साडेचार टक्क्यांवर जातो. तेच ४० चं ४२ केलं तर ५० वरून ५५ वर. सरकपट्टी दोन्ही वेळा दोनच मिलिमीटर सरकली. उपाय सोपा आहे : आधी उघडेपणा ठरवायचा आणि व्यास त्यावरून काढायचा. `a` हा उघडेपणाचा अपूर्णांक आणि `p` हे केंद्रांमधलं अंतर धरलं तर व्यास येतो `p*Sqrt(4*a/Pi)`. २० टक्क्यांना सुमारे २५ मिलिमीटर, ३५ टक्क्यांना ३३. एका ओळीचं काम, पण इंटरनेटवरून उचललेल्या तयार फाइलमध्ये ते नसलं तर कोणी घालत नाही.

आता समजा लाट सोडून दिली आणि सगळीकडे सारखीच २० टक्के उघडी जाळी ठेवली. मग तरी ती जाळीचं काम करते का?

जुन्या दगडी जाळीत भोकाइतकीच महत्त्वाची असते तिची जाडी. भोकाची उंची आणि दगडाची जाडी सारखी असली तर ४५ अंशांच्या वरून येणारं सरळ ऊन भोकाच्या कडांवरच अडतं, आत पोचत नाही. समोरचा रस्ता, झाडं, वारा मात्र आत येत राहतात. त्या जाळीला दिशा कळते. २ मिलिमीटरच्या पत्र्याला ती कळत नाही. २५ मिलिमीटरच्या भोकाला २ मिलिमीटरची कड, म्हणजे जवळजवळ कडच नाही. पत्रा फक्त टक्केवारीने अडवतो : पाचात चार भाग ऊन बाहेर, एक भाग आत, मग ते कुठूनही येवो. समोरचं दृश्यही त्याच टक्केवारीने कमी होतं. संगणकाच्या पडद्यावर मात्र दगडी जाळी आणि पत्रा समोरून सारखेच दिसतात, कारण डिझाइन करणारा बहुतेक वेळ समोरूनच पाहत असतो.

पुण्याच्या पश्चिम भिंतीसाठी हा हिशेब जरा नीट करून पाहण्यासारखा आहे. मेच्या मध्यावर संध्याकाळी साडेचारला सूर्य क्षितिजापासून सुमारे ३३ अंश वर असतो, साडेपाचला सुमारे २०, साडेसहाला जेमतेम ६. आणि साडेपाचला तो जवळजवळ थेट समोर, पश्चिमेपासून थोडासा उत्तरेकडे असतो. २० अंशांचं ऊन भोकाच्या कडेवर पूर्ण अडवायचं तर जाडी भोकाच्या उंचीच्या पावणेतीनपट हवी. २५ मिलिमीटरच्या भोकाला सुमारे ७० मिलिमीटर. ते पत्र्याचं काम नाही. तिथे आडव्या पट्ट्या, खोल चौकटी किंवा मातीचे पोकळ ठोकळे हवेत. आणि साडेसहाचं ऊन त्यांनाही दाद देणार नाही, पण तोवर कार्यालय रिकामं व्हायला लागलेलं असतं.

टक्केवारी आणखी एका जागी दगा देते, ती म्हणजे डोळ्यांपाशी. टेबल जाळीपासून ३ मीटरवर आहे असं धरा. तिथून २५ मिलिमीटरचं भोक जवळजवळ अर्ध्या अंशाचं दिसतं, आणि आकाशातला सूर्यही साधारण तेवढाच दिसतो. म्हणजे बसलेल्या माणसाचा डोळा, एक भोक आणि सूर्य एका रेषेत आले की जवळजवळ अख्खं सूर्यबिंब त्या भोकात मावतं. मान जराशी हलली की ते पत्र्याआड जातं, पुन्हा हलली की पुढच्या भोकात उगवतं. अहवाल म्हणतो २० टक्के. डोळ्याला मात्र एकदा शंभर टक्के आणि एकदा शून्य मिळतं, तेही दिवे लागणीपर्यंत. अशा कार्यालयांत जाळीच्या आतून पुन्हा पडदे ओढलेले दिसतात ते याचमुळे. उष्णतेसाठी सरासरी चालते, कारण उष्णता खोलीत साठत जाते. चकाकीला सरासरी लागू पडत नाही, आणि ही दोन उत्तरं एकाच आकड्यातून काढू नयेत.

हे सगळं पार करून फाइल भोसरीच्या किंवा चाकणच्या फॅब्रिकेटरकडे जाते. तो पहिला प्रश्न विचारतो तो डिझाइनरला सहसा सुचलेला नसतो : ‘टूल किती?’ पंचिंग मशीनवर प्रत्येक व्यासाला वेगळं टूल लागतं. ग्रासहॉपरच्या लाटेत ४३,२०० भोकांचे व्यास २३.४१, २३.४७, २३.५२ असे सरकत जातात. इतकी टूल कोणाकडेच नसतात. मग लेझरने कापायचं. सरासरी व्यास २५ धरला तरी कापाची एकूण लांबी ३.४ किलोमीटरच्या आसपास जाते, आणि ४३,२०० वेळा पत्रा नव्याने भेदायचा तो वेळ वेगळा. दर ऐकला की ग्राहक म्हणतो, ‘साधं करा.’ मग घाईघाईत व्यास पाच-सहा मापांवर आणले जातात आणि सुरेख लाटेचे ठसठशीत पट्टे होतात. खरं म्हणजे १०, १५, २०, २५, ३०, ४० अशी मापं पहिल्याच दिवशी फाइलमध्ये घातली असती तर पट्टे कुठे येतात ते तेव्हाच दिसलं असतं, आणि त्यांचंच काही चांगलं करता आलं असतं.

दुसरी अडचण पत्र्याच्या मापाची. बाजारात सहज मिळतो तो आठ फूट बाय चार फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. ताठपणासाठी चारही कडा २५ मिलिमीटर दुमडल्या की दर्शनी रुंदी ११७० उरते. दोन पत्र्यांत १० मिलिमीटरची फट धरली तर १२ मीटरच्या भिंतीत दहा पत्रे बसतात आणि वीतभर जागा उरते. ५० मिलिमीटरची भोकांची चौकट ना ११७० मध्ये नीट बसते, ना ११८० मध्ये. शिवाय दुमडीच्या रेषेला चिकटून भोक पाडलं तर वाकवताना ते लांबट होतं, त्यामुळे प्रत्येक पत्र्याभोवती कोऱ्या पत्र्याची किनार सोडावी लागते. पडद्यावर अखंड वाहणारी लाट प्रत्यक्षात दहा उभ्या चौकटींत कापली जाते. आणि भोकं एका बाजूला दाट, दुसरीकडे विरळ असली की पत्र्यातले ताण असमान सुटतात आणि सपाट पत्रा फुगतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो फुगवटा रस्त्यावरून दिसतो. ग्रासहॉपरमधल्या पृष्ठभागाला जाडी नसते, म्हणून तो कधी फुगत नाही.

काच आणि जाळी यांच्यातल्या फटीत पारवे घरटी करतात आणि धूळ साचते, हे तर कुठल्याच सरकपट्टीवर नसतं. ६०० मिलिमीटर ठेवायचं कारण तेच : माणूस आत उतरून काच पुसू शकतो.

याच्या उलट टोकाचं एक काम दिल्लीत आहे. साउथ एशियन ह्यूमन राइट्स डॉक्युमेंटेशन सेंटरसाठी ॲनाग्राम आर्किटेक्ट्सनी २००५ मध्ये केलेली विटांची जाळीदार भिंत. रस्त्यावरून ती गुंतागुंतीची, वळवळती दिसते, पण तिच्यात एकच घटक पुन्हा पुन्हा येतो : साध्या विटा ठरलेल्या क्रमाने थोड्या थोड्या फिरवून रचलेल्या. गवंड्याच्या हातात नियम आहे, प्रत्येक विटेसाठी वेगळा आकडा नाही. वीट मुळातच जाड असल्याने सावलीसाठी खोली आपसूक मिळते. ग्रासहॉपरमध्ये असा नियम लिहिणं सोपं आहे, कदाचित लाटेपेक्षाही सोपं. फक्त सुरुवात अट्रॅक्टरऐवजी विटेच्या मापापासून करावी लागते.

पुण्याच्या आपल्या भिंतीसाठीही मी तेच करेन. आधी पत्र्याचं माप आणि हाताशी असलेली टूल, मग जाळीमागे काय आहे ते : जिना, स्वच्छतागृह, टेबलांची रांग. भोकं लहान-मोठी करायला खरं कारण देते ती आतली जागा. जिन्यामागे ४० टक्के उघडेपणा चालेल, टेबलांच्या रांगेसमोर दहाही जास्त होईल, आणि तिथे पत्र्याऐवजी खोल पट्ट्या घ्याव्या लागतील. ऊन मोजायचं, पण आकड्याला एककासकट वाचायचं, आणि दोन टोकांतला फरक किरकोळ निघाला तर भिंत सगळीकडे सारखीच ठेवायची. आणि मागणी नोंदवण्याआधी एक पूर्ण मापाचा पत्रा कापून घ्यायचा. पाच-सात हजार रुपये जातील. मे महिन्यात, संध्याकाळी साडेपाचला, तो प्रत्यक्ष जागेवर बांधायचा आणि तीन मीटर मागे खुर्ची टाकून अर्धा तास बसायचं. ग्राहकालाही बसवायचं.